बेक सेलसाठी बिनअंड्याचे कपकेक

शाळेच्या बेक सेलच्या बैठकीत पालकांना जे सांगितलं, ते इथेही लिहिते.

अंड्याऐवजी दही वापरा. 1 वाटी दह्यात पाऊण वाटी साखर विरघळवा, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घाला. पाच मिनिटांत दही फसफसतं. नाही फसफसलं तर सोडा किंवा पावडर जुनी आहे.

मग अर्धी वाटी तेल, दीड वाटी मैदा. फार फेटू नका, कपकेक चिवट होतात. 180 अंशांवर वीसेक मिनिटं भाजा.

पॅकिंगची घाई नको! कोमट कपकेक डब्यात बंद केले की वाफेचं पाणी होऊन ते चिकट होतात. जाळीवर पूर्ण गार करा, मगच भरा.

डब्यावर 'गहू, दूध आहे' ही चिठ्ठी लावाच. ॲलर्जी असलेली मुलंही विकत घेतात.

काही अडलं तर विचारा.