फुटलेल्या स्क्रीनचा दर

मोबाईलची स्क्रीन फुटली की दुरुस्तीवाले जो सुटा भाग बदलतात त्याला बाजारात ‘कॉम्बो’ किंवा ‘फोल्डर’ म्हणतात. वरची काच, टच आणि चित्र दाखवणारे पॅनेल एकत्र चिकटवून तो तयार होतो. एकाच मॉडेलचा फोल्डर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या गफ्फार मार्केटमध्ये तीन-चार दरांना मिळतो, आणि महिन्याभरात तेच दर वरखाली होतात. त्यामुळे एका दुकानात दोन हजार आणि शेजारच्या दुकानात पाच हजार ऐकलेल्या ग्राहकाला कोणीतरी फसवतो आहे असे वाटते. पुष्कळदा दोन्ही दर आपापल्या जागी बरोबर असतात, कारण बसवला जाणारा माल वेगळा असतो.

ॲमोलेड स्क्रीनचा फोन घेतला तर फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. सर्वांत वरची प्रत म्हणजे सर्व्हिस पॅक. तो फोनच्या कंपनीच्या पुरवठा साखळीतून येतो आणि अनेकदा फ्रेमसकट मिळतो. त्याखाली इतर कारखान्यांचे ओएलईडी फोल्डर असतात. त्यांतल्या ‘सॉफ्ट’ प्रकाराचा पाया लवचिक प्लास्टिकचा असतो, तर ‘हार्ड’ प्रकाराचा काचेचा. हार्ड जाडसर असतो आणि पडल्यावर लवकर तडकतो. सर्वांत स्वस्त असतो टीएफटी किंवा इनसेल. तो मुळात एलसीडी असतो आणि त्याच्या मागे प्रकाश देणारा थर असतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळे चित्र लावले तरी तो राखाडी उजळतो. त्या थरामुळे जाडी वाढते आणि कडा फ्रेमच्या वर उठतात. फोनमध्ये स्क्रीनखाली प्रकाशावर चालणारा फिंगरप्रिंट असेल तर तो बंद पडतो, कारण एलसीडीतून त्याला बोट दिसत नाही. ही गोष्ट बसवण्याआधी सांगितली नाही, तर तंटा ठरलेलाच.

‘ओरिजिनल’ हा शब्द या बाजारात इतका सैल वापरला जातो की त्यावरून काहीच कळत नाही. ‘ओजी’, ‘केअर’, ‘फर्स्ट कॉपी’ ही नावेही प्रत्येक व्यापाऱ्याकडे वेगळ्या मालाला लागतात. दर ठरवताना नावाऐवजी पॅनेलचा प्रकार, फ्रेम आहे की नाही आणि व्यापारी किती दिवस बदलून देतो, हे तीन मुद्दे धरावेत.

मालाचे दर बदलण्याची कारणे साधी आहेत. बहुतेक पॅनेल चीनमधून येतात, म्हणून डॉलरचा भाव, आयात शुल्क आणि तिथल्या नववर्षाच्या सुट्टीत बंद राहणारे कारखाने यांचा परिणाम लगेच जाणवतो. नव्या मॉडेलचा फोल्डर सुरुवातीला महाग असतो आणि इतर कारखाने तो बनवू लागले की उतरतो. मॉडेल फार जुने झाले की माल येणे थांबते आणि भाव पुन्हा चढतो.

अनेक दुकानांत मालाच्या किमतीवर ठरावीक टक्के चढवून दर सांगितला जातो. ही सवय चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे एका हिशेबातून दिसते. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. छोट्या दुकानाचे भाडे, वीज, मदतनिसाचा पगार आणि मालकाचे स्वतःचे वेतन मिळून महिन्याला 60,000 रुपये लागतात. दुकान दिवसभर उघडे असले तरी पैसे मिळवून देणारे काम महिन्यात साधारण 100 तासच होते. म्हणजे एका तासाचे 600 रुपये सुटले पाहिजेत. स्क्रीन बदलायला, तपासणी धरून, पाऊण तास लागतो. मजुरी झाली 450 रुपये. फोल्डर 1,200 चा असो की 4,600 चा, मजुरी तीच राहते, कारण वेळ जवळपास सारखाच लागतो.

यात आणखी एक रक्कम मिळवावी लागते, ती परत येणाऱ्या कामांची. स्वस्त टीएफटी आठांत एक परत येतो असे धरले, तर त्या वेळी दुसरा फोल्डर आणि दुसऱ्यांदा मजुरी, असे 1,650 रुपये खर्च होतात. ते आठ ग्राहकांवर वाटले की प्रत्येकी सुमारे 200 येतात. सॉफ्ट ओएलईडी 2,600 चा असून विसांत एक परत आला, तर वाटा 150 चा. सर्व्हिस पॅक 4,600 चा असून चाळीसांत एक आला, तर 125 चा. जीएसटी बाजूला ठेवला तर दर निघतात 1,850, 3,200 आणि 5,175.

आता 40 टक्क्यांची पद्धत लावून पाहावी. टीएफटीचा दर येतो 1,680, म्हणजे प्रत्येक कामात 170 रुपयांचा तोटा. सर्व्हिस पॅकचा येतो 6,440, जो ऐकून ग्राहक उठून जातो. दुकान तोट्याच्या मालावर गर्दी खेचते आणि चांगला माल पडून राहतो. परत येणाऱ्या कामांचे प्रमाण मात्र अंदाजाने धरू नये. वहीत मॉडेल, प्रत, व्यापारी आणि परत येण्याचे कारण लिहीत गेले, तर काही महिन्यांत प्रत्येक दुकानाला आपला खरा आकडा मिळतो. एखाद्या व्यापाऱ्याचा माल वारंवार परत येतो हेही तिथेच दिसते.

दर बदलता असताना हिशेबात कोणती किंमत धरायची? कपाटातला फोल्डर 2,300 ला आणलेला असेल आणि आज बाजारात 2,600 असेल, तर 2,600 धरावेत. तो विकल्यावर पुढचा त्याच भावाने आणावा लागणार आहे. भाव उतरला तर मात्र उलटे होते. 2,600 ला घेतलेला माल 2,300 च्याच हिशेबाने द्यावा लागतो, कारण शेजारचे दुकान तोच दर सांगते. म्हणून रोज खपणाऱ्या मॉडेलचे दोन-तीनच नग ठेवावेत आणि बाकीचे मागणीप्रमाणे मागवावेत. मागवायच्या मालाचा दर व्यापाऱ्याला विचारूनच सांगावा, आगाऊ रक्कम घ्यावी आणि दर किती दिवस टिकेल ते पावतीवर लिहावे. भिंतीवरच्या दरपत्रकात मजुरी पक्की छापता येते. मालाची किंमत तिथे छापली तर आठवड्यात खोटी ठरते.

परताव्याचा खर्च कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चिकटवण्याआधीची तपासणी. नवा फोल्डर नुसता कनेक्टरला जोडून पांढरे, काळे आणि रंगीत पडदे पाहावेत आणि टच कोपऱ्यांसकट फिरवावा. सॅमसंगच्या अनेक फोनवर *#0*# डायल केले की यासाठीचा मेनू उघडतो. गोंद लागला, स्टिकर निघाला किंवा फ्लेक्स दुमडला की बहुतेक व्यापारी फोल्डर परत घेत नाहीत, आणि सगळा तोटा दुकानावर येतो.

चार्जिंग बोर्डसारख्या भागांत माल स्वस्त असतो आणि दरात मजुरीच मोठी असते. तरीही प्रतीचा प्रश्न सुटत नाही. हलक्या बोर्डावर फोन चार्ज होतो, पण जलद चार्जिंग बंद पडते. आयफोनमध्ये आयफोन 11 पासून कंपनीचा नसलेला डिस्प्ले बसवला, तर सेटिंगमध्ये तशी नोंद दिसते. तीही ग्राहकाला आधीच सांगावी.

ग्राहकाने दर विचारताना पॅनेल कोणते, फिंगरप्रिंट चालेल का आणि हमी किती दिवसांची, हे विचारावे आणि तिन्ही उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. जो दुकानदार ती लिहून देतो, त्याचा दर दोनशे रुपयांनी जास्त असला तरी काम त्याच्याकडेच द्यावे.