सर्दीचा कान आणि विमानाची उतरण

आमच्या युनियनच्या प्रतिनिधींना वाटाघाटींसाठी अनेकदा मुंबईहून दिल्लीला विमानाने जावे लागते. बैठकीची तारीख ठरलेली असते, तिकिटाचे पैसे सभासदांच्या वर्गणीतून भरलेले असतात, आणि नेमके आदल्या दिवशी प्रतिनिधीचे नाक चोंदते. ‘पडसेच तर आहे,’ असे म्हणून तो निघतो. असे निघणे केव्हा चालते आणि केव्हा अंगाशी येते, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी कारण पाहू. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी आहे. तिला दार एकच, ते म्हणजे नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात उघडणारी एक बारीक नळी. विमान पस्तीस हजार फुटांवर उडत असले तरी आतली हवा यंत्राने दाबून ठेवलेली असते. तरीही ती सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावरील हवेइतकी विरळ होते. आठ हजार फुटांवर दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पाऊणपट असतो.

विमान चढताना कानातील हवा फुगते आणि नळीतून आपोआप बाहेर निसटते. खरी अडचण उतरताना येते. बाहेरचा दाब वाढत जातो, तेवढी हवा नळीतून आत यावी लागते. पण नळीचे घशाकडील टोक मऊ असल्यामुळे तोच दाब ते मिटवून टाकतो. निरोगी माणूस गिळतो किंवा जांभई देतो, तेव्हा स्नायू ते टोक ओढून उघडतात. सर्दीत अस्तर सुजलेले असते. दाबातील फरक एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंचेही काही चालत नाही. पडदा आत ओढला जातो, कळा येतात, पोकळीत पाणी किंवा रक्त साचते आणि क्वचित पडदा फाटतो. कपाळातील व गालातील सायनसच्या पोकळ्यांचे तोंड सुजून बंद झाले, तर उतरताना भुवईवर सुरी खुपसल्यासारखी वेदना होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, बैठक बुधवारी सकाळी आहे आणि विमान मंगळवारी सकाळी सुटणार आहे. सोमवारी रात्री आमचा प्रतिनिधी नाक चिमटीत धरतो, तोंड मिटतो आणि नाकातून अगदी हलकेच फुंकर घालतो. डावा कान ‘टक’ करून उघडतो, उजवा उघडत नाही. जोर करून फुंकायचे नाही, त्याने इजा होते. डॉक्टरांना विचारून तो नाकात सूज उतरवणारा फवारा घेतो. रक्तदाबाच्या रोग्याने हा फवारा परस्पर घेऊ नये आणि कोणीही तो तीन-चार दिवसांपेक्षा अधिक वापरू नये; नाक उलट जास्त चोंदते. मंगळवारी सकाळी तो पुन्हा तपासतो. दोन्ही कान उघडले, वाकल्यावर कपाळ दुखत नाही, ताप नाही, तर त्याने जावे. उजवा कान बंदच राहिला, तर विमान सोडावे आणि संध्याकाळच्या आगगाडीने निघावे. बुधवारी सकाळी तो दिल्लीत असतो. कान उघडत नसताना तिकीट बुडेल म्हणून उडणे हा महागाचा सौदा आहे.

जो जाईल त्याने उतरण सुरू होण्याच्या सुमारे अर्धा तास आधी पुन्हा फवारा घ्यावा. उतरताना झोपू नये, कारण झोपेत गिळणे कमी होते. कान दुखण्याची वाट न पाहता पहिल्यापासूनच दर मिनिटाला गिळावे, जरूर तर हलकी फुंकर घालावी. तान्ह्या मुलाला त्या वेळी अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी.

तापाची गोष्ट निराळी. ताप असेल तर कान उघडे असले तरी जाऊ नये. गोळीने उतरवलेला ताप हा गेलेला ताप नव्हे. गोळीशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नसावा. विमानातील गाळण्या हवा स्वच्छ करतात हे खरे, पण आपली शिंक गाळणीपर्यंत पोहोचण्याआधी शेजाऱ्यापर्यंत पोहोचते. म्हणून नुसती सर्दी असली तरी दारात चढल्यापासून बाहेर पडेपर्यंत तोंडावर मास्क असावा, शिंक रुमालात किंवा कोपरात घ्यावी, हात धुवावेत. त्याच विमानात दिवसभर राबणारे कर्मचारीही असतात, आणि कान त्यांनाही आहेत.

उतरल्यावर कानाला दडा बसला असेल तर तो बहुधा काही तासांत सुटतो. एक-दोन दिवसांत सुटला नाही, कानातून पाणी किंवा रक्त आले, ऐकू कमी आले अथवा चक्कर आली, तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. आणि त्यांनी कान पाहून होकार देईपर्यंत परतीच्या विमानात पाऊल ठेवू नये.