एका हाकेला दोघी

जुळं आहे हे सोनोग्राफीत कळलं की घरात यमकांची साथ पसरते. रिया-सिया, आरव-आरुष, तन्वी-तन्मय. मावशी फोनवरून तीन जोड्या सुचवते, शेजारच्या काकू आणखी दोन. बारशाच्या पत्रिकेवर या जोड्या देखण्या दिसतातही. पण पत्रिका एकदाच छापायची असते आणि हाक दिवसातून पन्नास वेळा मारायची असते.

सारख्या नावांची ही हौस जुनीच आहे. सूर्याची जुळी यम आणि यमी, शरद्वानाची जुळी कृप आणि कृपी. फरक काय तो शेवटच्या स्वराचा. त्यांना जेवायला कोण आणि कसं बोलवत असेल, याचा विचार पुराणकारांनी केलेला दिसत नाही. माद्रीच्या जुळ्यांची नावं मात्र नकुल आणि सहदेव. दोन्हींत एकही अक्षर सामाईक नाही. लव-कुश तर नमुनाच. दोन्ही दोन-दोन अक्षरांची आणि वजनाला सारखी, पण पहिला स्वर वेगळा, व्यंजनंही सगळी वेगळी. जोडी म्हणून शोभतात आणि एकट्याने हाक मारली तरी चुकत नाहीत.

आपल्याकडे घोटाळ्याची सुरुवात बऱ्याचदा पंचांगापासून होते. जन्मनावाचं अक्षर नक्षत्राच्या चरणावरून निघतं. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे एक चरण सुमारे सहा तासांचा. जुळी बाळं बहुधा काही मिनिटांच्या अंतराने जन्मतात, त्यामुळे दोघांना एकच चरण आणि एकच अक्षर मिळतं. आजी म्हणते, अक्षर सोडायचं नाही. मग घरात एकाच अक्षराची दोन नावं नांदू लागतात.

एकच अक्षर म्हणजे घोटाळा होणारच असं नाही, पण तो व्हायला ते मोठी मदत करतं. दुसऱ्या खोलीतून आलेल्या हाकेतले स्वर ठळक पोचतात, व्यंजनं वाटेत गळतात. स, श, फ यांसारखे बारीक आवाज तर भिंतीपलीकडे जवळजवळ जातच नाहीत. त्यात आपण हाक मारताना शेवटचा स्वर ताणतो. स्वयंपाकघरातून ‘रियाऽऽ’ काय आणि ‘सियाऽऽ’ काय, अंगणात पोचतं ते ‘इयाऽऽ’. जय-विजय ही जोडी कानाला गोड, पण ‘विजय’मधला ‘वि’ पंख्याच्या घरघरीत बुडाला की उरतो जय, आणि मग दोघं येतात किंवा दोघंही येत नाहीत. म आणि न यांचाही भरवसा नसतो. त्यामुळे नावांत फरक ठेवायचा तो स्वरांत ठेवावा, आणि होईल तितका पहिल्या आणि शेवटच्या अक्षरात ठेवावा. आ आणि ई चटकन वेगळे कळतात. इ आणि ए किंवा उ आणि ओ हे स्वर जवळचे, तिथे गफलत होते.

एक उदाहरण नीट घेऊन बघू. समजा दोन मुली झाल्या, नक्षत्र स्वाती, दुसरा चरण. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. म्हणजे दोघींना ‘रे’. पहिली सूचना येते रेवा आणि रेवती. इथे एक नाव दुसऱ्याच्या पोटात आहे आणि लाडाने दोघी रेवूच होणार. दुसरी जोडी रेणुका आणि रेवती, म्हणजे घरात रेणू आणि रेवू. तीही बाद. मग तडजोड अशी निघते की एकीला चरणाचं अक्षर द्यावं आणि दुसरीला राशीचं. स्वाती तुळेत येतं, तुळेला र आणि त दोन्ही चालतात. रेवा पक्की झाली. रेवा म्हणजे नर्मदा, तेव्हा दुसरीही नदीच असावी. तापी तर नर्मदेसारखीच पश्चिमवाहिनी, खानदेशातल्या आजोबांना पसंतच पडेल. पण शाळेत पोरं ‘ताप’ म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तटिनीचाही अर्थ नदी, पण तिचं तट्टू व्हायला आठवडा पुरे. तमसेच्या काठी वाल्मीकींचा आश्रम होता, मात्र नावात तम आहे, म्हणजे अंधार. उरली तुंगा. रेवा आणि तुंगा: दोन्ही नद्या, दोन्ही दोन अक्षरी, पहिले स्वर ए आणि उ. शेवटचा आ मात्र दोघींत आहे, आणि आपण ताणतो तो नेमका तोच. म्हणून ही जोडी लगेच पक्की करायची नाही, आधी घरात वाजवून बघायची.

ती अशी. एकाने स्वयंपाकघरात मिक्सर लावून उभं राहायचं आणि दोन्ही नावांनी आलटून पालटून, पण ठरावीक क्रम न ठेवता, वीसेक हाका मारायच्या. दुसऱ्याने टीव्ही चालू ठेवून बाहेरच्या खोलीत बसायचं आणि जे ऐकू येईल ते कागदावर लिहायचं. दोन-तीन जरी चुकल्या तरी जोडी बदलावी. हे काम आजोबांना द्यावं. त्यांच्या कानाला जे कळतं ते सगळ्यांना कळतं. रेवा-तुंगा इथे अडली तर तुंगाऐवजी तन्वी घ्यावी. नदी जाते, पण आ-ई ची जोडी मिळते.

मग दोन्ही नावं एका दमात म्हणून बघावीत, कारण जुळ्यांना बोलावणं बरेचदा एकत्रच असतं. अद्वैत-तन्मय म्हणताना त वर त आदळतो आणि ‘अद्वैतन्मय’ असा एकच मुलगा तयार होतो. मीरा-आर्याची ‘मीरार्या’ होते, सानिका-काव्यात का-का ऐकू येतं. कधी नुसता क्रम उलटला तरी भागतं. तन्मय-अद्वैत बिनबोभाट निघतं. आखूड नाव आधी घेतलं तर तोंडाला सोपं जातं, असाही अनुभव आहे.

आणि ‘या’ लावून बघायला विसरू नये. मराठी घरात मुलाचं नाव कितीही संस्कृत ठेवा, गल्लीत त्याला ‘या’ लागणारच. अमेय आणि अमोल कागदावर वेगळे आहेत, मैदानात दोघंही अम्या. संकेत आणि संकल्प दोघंही संक्या. मुलींमध्ये सुमती आणि सुमेधा दोघी सुमी.

शोभण्यासाठी यमक लागत नाही. दोन्ही नावं एकाच काळातली आणि सारख्या वजनाची असली की पुरतं. पार्वती आणि कियारा बहिणी वाटत नाहीत. एक आजी वाटते आणि एक नात.

कागदपत्रांचा त्रास निराळाच. जुळ्यांचं वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख तीच असते. पहिलं अक्षरही तेच ठेवलं तर आद्याक्षरांनी लिहिलेल्या कुठल्याही यादीत दोघं एकच माणूस ठरतात. एकाच्या लसीची नोंद दुसऱ्याच्या कार्डावर जाते, शाळेत हजेरीत एकाखाली एक नावं येऊन गुणांची अदलाबदल होते. पहिलं अक्षर वेगळं ठेवलं तर यातलं बरंचसं टळतं.

बारसं बाराव्या दिवशी म्हणून घाई करायचंही कारण नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती बाळाच्या नावाशिवाय होते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. तोवर आत्याने पाळण्यात कानात सांगितलेली नावं घरात वापरून बघावीत, आणि दाखल्यावर घालायला जाताना दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंग लिहून न्यावं.