करड्या पडद्यावर टीव्ही बघा

जुना टीव्ही बघायला गेलात की तो बहुधा आधीच चालू असतो आणि त्यावर रंगीबेरंगी मासे पोहत असतात. हे मासे मोठे लबाड. भडक, हलत्या चित्रात पडद्याचे निम्मे दोष लपतात. दोष दिसतात ते अगदी कंटाळवाण्या, एकरंगी, स्थिर पडद्यावर.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याबरोबर कोथरूडला एक 55 इंची ओएलईडी टीव्ही बघायला गेलो. आदल्या रात्री त्याला लॅपटॉपवर, पेंटमध्ये, पाच चित्रं करून ठेवायला सांगितली होती: लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि करडं. करड्यासाठी तिन्ही रंगांचे आकडे 128 ठेवायचे, बस. सोबत घरची एचडीएमआय केबल आणि एक टॉर्च.

टीव्हीवर एक ओरखडा नव्हता. मासे संपवून करडा पडदा लावला, तेव्हा खालच्या बाजूला आडवा पट्टा पुसटसा दिसला. लाल लावल्यावर तोच पट्टा चक्क काळपट झाला आणि वर कोपऱ्यात चौकोनी डाग उमटला. विकणारे गृहस्थ ओशाळून म्हणाले, “वडील दिवसभर बातम्या लावून बसायचे.”

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि वापरागणिक झिजतो. ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी महिनोन्महिने एकाच जागी राहिली, की तिथले लाल ठिपके शेजाऱ्यांपेक्षा लवकर थकतात. म्हणून लाल पडद्यावर ती जागा उघडी पडते. काही वेळा असा डाग तात्पुरताही असतो, तेव्हा लगेच नकार देऊ नका. आम्ही पंधरा मिनिटं एक सिनेमा चालवला आणि पुन्हा लाल लावला. पट्टा तसाच. “सेटिंगमध्ये जाऊन पडदा साफ करता येतो,” असं तुम्हाला सांगितलं जाईल. तशी सोय असते, पण ती झिजलेले ठिपके परत आणत नाही. आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसऱ्या घरी 43 इंची एलईडी होता. नाव एलईडी असलं तरी हा एलसीडीच. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या उजेड देतात आणि चित्र पुढच्या काचेत तयार होतं. इथे पट्टी उमटण्याची भीती फारच कमी. म्हातारा होतो तो मागचा उजेड. पांढरा पडदा लावून चार पावलं मागे उभे राहा. चंद्रासारखा गोल, जास्त उजळ डाग दिसला तर एखाद्या एलईडीवरचं भिंग निखळलेलं असतं. पांढऱ्याला निळी-जांभळी झाक आली असेल तर एलईडीवरचा पिवळसर लेप जळू लागलाय. एखादा कोपरा काळवंडलेला असेल तर तिथला उजेड गेलाय. हे बघण्याआधी पिक्चर मोड साधा करा. भडक मोडमध्ये ही झाक लपते.

आणि घाई करू नका. मी स्वतः एकदा पाच मिनिटांत टीव्ही उचलून आणला. घरी वीस मिनिटांनी पडदा काळा, आवाज मात्र चालू. टॉर्च काचेला लावून तिरकं पाहिलं तर चित्र आत अंधुक हलत होतं. म्हणजे काच ठीक, उजेड मेलेला. तापल्यावर एका एलईडीचा सांधा सुटायचा, आणि एका माळेतला एक तुटला की अख्खी माळ विझते. तेव्हापासून मी आधी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवतो. कोमट लागला, तर तो आपल्यासाठी आधीच तापवून ठेवलाय का, हे विचारतो. थंड टीव्ही समोर सुरू करायला लावतो आणि अर्धा तास बसतो.

त्या अर्ध्या तासात पोर्ट तपासून होतात. एका पोर्टवर चित्र आलं म्हणून थांबू नका. लॅपटॉप प्रत्येक एचडीएमआयला जोडा, आवाजही ऐका आणि केबल हलकेच हलवून बघा. चित्र लुकलुकलं, चमचमणारे ठिपके आले तर आधी केबल बदलून पाहा, मग पोर्टवर संशय घ्या. टीव्ही 4के असेल तर विंडोजच्या `Advanced display` मध्ये 3840 × 2160 दिसतंय ना, हेही पाहा. आपल्याकडे वळवाच्या विजांत केबलच्या तारेतून सेट-टॉप बॉक्समार्गे आलेला झटका बहुधा एचडीएमआयच खातो. तो पोर्ट मुख्य बोर्डावर असतो, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे बऱ्याचदा अख्खा बोर्ड.

इथेही पहिला पोर्ट मुका निघाला. दोन केबली लावून पाहिल्या. दुसरा नीट होता, पडदा अर्ध्या तासानंतरही एकसारखा. भाचा म्हणाला, “मामा, मला एकच पोर्ट लागतो.” बोर्डाची किंमत वजा करून आम्ही टीव्ही घेतला. पाच महिने झाले, चालू आहे.