एक अवतरण, दोन घरं

इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या साहित्याच्या पेपरला पुस्तक जवळ ठेवता येत नाही. त्यामुळे जे. बी. प्रीस्टलींच्या ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या नाटकातली अवतरणं पाठच हवीत. उजळणीच्या वहीत मुलं सहसा पात्रवार पानं पाडतात. अडचण इथेच होते. प्रश्न ‘जबाबदारी’वर येतो आणि उत्तरात उतरतं बर्लिंगचं व्यक्तिचित्रण, नाहीतर सरळ कथानक.

चांगली वही आशयसूत्रांपासून सुरू होते. बर्लिंगचंच बघा. पहिल्या अंकात हा कारखानदार टायटॅनिक बुडणं अशक्य असल्याची ग्वाही देतो. नाटक घडतं १९१२ मध्ये, लिहिलं गेलं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. म्हणजे प्रेक्षकांना त्याची चूक आधीच ठाऊक. वहीत यातले दोन-तीनच शब्द उतरवायचे, शेजारी ‘नाट्यगत उपरोध’ लिहायचं आणि ही नोंद ‘वर्ग’ व ‘पिढ्यांमधली दरी’ या दोन्ही सूत्रांखाली टाकायची. पहिल्या ठिकाणी ती भांडवलदाराचा फाजील आत्मविश्वास उघडा पाडते. दुसरीकडे तिच्यासमोर शीला ठेवायची. ती चूक कबूल करून बदलते, बाप मात्र शेवटपर्यंत ढिम्म.

लांबलचक वाक्यं घोकणं फुकट. परीक्षेत ती अर्धवट आठवतात. नोंद पक्की झाली का, हे पाहायचं तर वही मिटून तेच शब्द दोन वेगळ्या प्रश्नांच्या उत्तरांत वापरून पाहावेत.