ब्रिटनमधलं घर आणि त्याचं पाणी : रुतून बसलेलं ऑलिव्ह

या आठवड्यात रेडिएटरच्या व्हॉल्व्हकडे वळायचं ठरलं होतं. तो विषय एक आठवडा मागे ढकलतो आहे, कारण लेस्टरहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचं काम अडलेलं आहे. मागचा लेख वाचून त्यांनी स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा वॉशिंग मशीनचा जुना व्हॉल्व्ह काढला. नट सुटला, व्हॉल्व्ह हातात आला. भिंतीतून जेमतेम पाच सेंटिमीटर बाहेर आलेल्या तांब्याच्या पाइपवर मात्र पितळी कडी रुतून बसली आहे आणि तिच्यामागे जुना नट अडकला आहे. नव्या व्हॉल्व्हवर हा जुना नट दीड आटा चढतो आणि थांबतो. 'पक्कडीनं पिळून कडी काढू का?' असं त्या विचारतात.

ताई, पक्कड खाली ठेवा. का, ते सांगायला हा सगळा लेख लागणार आहे.

या कडीला इथले प्लंबर ऑलिव्ह म्हणतात. आपल्यापैकी बरेच जण जीआय पाइपांच्या घरात वाढले. तिथे पाइपलाच आटे पाडलेले असतात. आट्यांवर काथ्या आणि सफेदा लावून पाइप आवळला की गळती थांबते, म्हणजे पाणी अडवण्याचं काम आट्यांकडेच असतं. इथल्या कॉम्प्रेशन जोडणीत आटे पाणी अडवत नाहीत. नट आवळत गेला की तो ऑलिव्हला व्हॉल्व्हच्या उतरत्या तोंडात दाबतो. तिथे ऑलिव्हच्या कडा आत वळतात, पाइपला घट्ट धरतात आणि पाण्याची वाट तिथेच बंद होते. त्यामुळे या जोडणीच्या आट्यांवर टेप गुंडाळून काही साधत नाही.

ऑलिव्ह एकदा असं आवळलं की त्याचा आतला घेर कायमचा कमी होतो, आणि त्याच्याखाली पाइपलाही बारीकशी कंबर पडते. कंबरेच्या पुढचं पाइपचं टोक मूळ जाडीचंच राहतं. बोटात रुतलेली अंगठी साबण लावून निघते, कारण तिथे बोट सुजलेलं असतं. इथे कडीच आकसलेली आहे, म्हणून तेल सोडून उपयोग नाही. बाहेर यायचं तर ऑलिव्हला ताणून मोठं व्हावं लागेल, नाहीतर फुटावं लागेल. तिसरा मार्ग नाही.

आता पक्कडीचं. ऑलिव्ह पक्कडीत धरून पिळलं की ते पाइपवर फिरत नाही, पाइपच फिरू पाहतो. भिंतीच्या आत कुठेतरी तो पाइप डाख देऊन एल्बोला जोडलेला असतो आणि सगळा पीळ त्या न दिसणाऱ्या सांध्यावर जातो. सांधा टिकला, तरी पक्कडीच्या दाबानं पाइप लंबगोल होतो. इथल्या नेहमीच्या १५ मिलिमीटर पाइपची भिंत साधारण ०.७ मिलिमीटरच जाड असते. पाइप एकदा लंबगोल झाला की नवं ऑलिव्ह त्यावर सगळीकडून सारखं बसत नाही. म्हणून कुठलंही हत्यार उचलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: माझा जोर शेवटी कुठे जाणार आहे?

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे ऑलिव्ह पुलर. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि दोन-तीन ऑलिव्ह निघाली की त्याची किंमत वसूल होते. त्याची रचना बघा. पुढच्या खोबणीत जुना नट अडकतो. मधला दांडा पाइपच्या तोंडात शिरतो आणि त्याचा खांदा पाइपच्या कडेवर टेकतो. मागची मूठ फिरवली की दांडा पाइपला भिंतीकडे रेटतो आणि खोबणी नटाला तेवढ्याच जोरानं आपल्याकडे ओढते. नट ऑलिव्हला मागून ढकलत पुढे आणतो. रेटणं आणि ओढणं हे दोन्ही जोर पाइपच्या त्या दोन-तीन सेंटिमीटरातच एकमेकांना भिडतात, त्यामुळे भिंतीतल्या सांध्याला त्यांचा पत्ता लागत नाही. म्हणूनच तो अडकलेला जुना नट कापून टाकू नका. पुलरला धरायला तोच लागतो.

मूठ फिरवण्याआधी पाइपच्या तोंडाकडे नीट पाहा. पाइप पूर्वी हॅकसॉनं कापलेला असेल तर बाहेरच्या कडेला धार उभी असते. तिच्यावरून ऑलिव्ह ओढलं तर ते तिथेच अडतं, म्हणून आधी बारीक कानशीनं ती धार काढा. चाकाच्या कटरनं कापलेला असेल तर उलटं होतं: कड आत वळलेली असते आणि दांडा आत जात नाही. ती आतून खरवडून काढावी लागते. जुन्या इंची मापाच्या पाइपांतही दांडा अडू शकतो. अर्धा इंच हे माप पाइपच्या आतल्या पोकळीचं होतं, तर १५ मिलिमीटर हे बाहेरचं माप आहे. दोन्ही पाइप बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात, पण इंची पाइपची भिंत जाड असल्यामुळे आतली जागा कमी असते. ताईंचं घर १९८०च्या दशकातलं आहे, तेव्हा पाइप मिलिमीटरमधलाच निघेल.

मग मूठ सावकाश फिरवा. सुरुवातीला हाताला चांगला विरोध जाणवतो, मग एकदम 'कट्' असा आवाज होतो आणि ऑलिव्ह कंबरेतून सुटतं. पुढे ते सरकत येतं आणि नटासकट पुलरमध्ये राहतं. दोन्ही टाकून द्या, नव्या व्हॉल्व्हबरोबर नवा नट आणि नवं ऑलिव्ह येतंच. जुना नट दीड आट्यावर अडकला याचा अर्थ दोन कंपन्यांचे आटे जुळत नाहीत. तसाच रेटला असता तर नव्या व्हॉल्व्हचे आटेही खराब झाले असते. आटे जुळले असते आणि जुन्या ऑलिव्हवर ओरखडा नसता, तर ते तसंच ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवणं चाललं असतं. पुष्कळ प्लंबर तसं करतात.

पुलर नेहमी चालतोच असं नाही. त्याला पाइपच्या तोंडासमोर सरळ जागा लागते आणि सिंकखाली समोर कपाटाची फळी येऊ शकते. सेंट्रल हीटिंगच्या बारीक, मऊ पाइपांवरही तो वापरायचा नाही, तिथे पाइपच चेपतो. अशा वेळी छोटी हॅकसॉ घ्यायची. पान ऑलिव्हवर तिरकं धरायचं. पाइपच्या लांबीत सरळ धरलं तर मागचा नट आणि भिंत आडवी येतात. हलके हलके घासत ऑलिव्हची जाडी जवळजवळ संपेपर्यंत जायचं, पण आरपार जायचं नाही. शेवटचा पापुद्रा शिल्लक असताना खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून पिळायचं. पितळ कडक असतं, ते टचकन तडकतं.

ऑलिव्ह पितळेचं आहे की तांब्याचं, हे इथे महत्त्वाचं ठरतं. पितळी असेल तर खाचेतला रंग तुम्हाला सावध करतो. पिवळ्या खाचेत लालसर रेघ दिसली की पान पाइपला लागलं आहे. ऑलिव्ह तांब्याचं असेल तर खाच आणि पाइप एकाच रंगाचे, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय तांबं मऊ असतं, ते तडकत नाही, नुसतं उघडतं. म्हणून तिथे थोडं कापायचं, पिळून पाहायचं, पुन्हा थोडं कापायचं, असं जावं लागतं. ते सोलून काढल्यासारखं निघतं आणि वेळ घेतं.

कडी निघाली की काम झालं असं वाटतं, पण गळणारी जोडणी इथेच जन्माला येते. पाइप पॉलिश पेपरनं गोल गोल पुसा, लांबीच्या दिशेनं घासू नका. मग नखाचं टोक त्यावरून गोल फिरवा. लांबीच्या दिशेनं एखादा ओरखडा गेलेला असेल तर नख त्यात अडकेल. असा ओरखडा ऑलिव्हच्या खालून जाणारी पाण्याची वाटच असतो. आडव्या ओरखड्याचं तेवढं भय नाही, कारण तो पाण्याला बाहेर नेत नाही. जुन्या ऑलिव्हची उथळ कंबर चालते. खोल असेल तर तेवढा तुकडा कापायला हवा. ताईंच्या पाइपमधून दीड सेंटिमीटर कापलं तर साडेतीन सेंटिमीटर उरतं, आणि त्यातच नवा नट, ऑलिव्ह आणि व्हॉल्व्हच्या आत जाणारं टोक बसवायचं आहे. बसेल, पण अगदी काठावर. म्हणूनच अशा आखूड पाइपवर कापण्याचा विचार सर्वांत शेवटी करायचा.

आता जोडणी. नट, मग ऑलिव्ह, मग पाइप व्हॉल्व्हमध्ये पार तळाला टेकेपर्यंत घाला. ऑलिव्हवर पिण्याच्या पाण्यासाठी चालणारी जोडणीची पेस्ट थोडीशी लावा. नट हातानं जाईल तितका आवळा. मग एक पाना व्हॉल्व्हवर धरून ठेवा, म्हणजे पीळ पाइपवर जाणार नाही, आणि दुसऱ्या पान्यानं नट साधारण एक फेरा फिरवा. तिथेच थांबा. स्टॉपकॉक थोडासा उघडा आणि जोडणीभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. ओल दिसली तर आणखी अष्टमांश फेरा. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पुन्हा टिश्यू लावून पाहा, कारण फार सूक्ष्म गळती रात्रभरात दिसते.

हे सगळं पाण्याच्या पाइपांबद्दल झालं. गॅसचे पाइपही तांब्याचे असतात आणि तशाच जोडण्या त्यांच्यावरही दिसतात, पण त्यांना हात लावायचा नाही. ब्रिटनमध्ये ते काम गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या माणसाचंच.

ताईंचं ऑलिव्ह इतकं घट्ट का बसलं, याचा अंदाज करता येतो. आधीच्या कुणीतरी ठिबक थांबावी म्हणून नट आवळला, मग आणखी आवळला. जीआयच्या सवयीनं आपणही नेमकं तेच करतो. जास्त आवळलेलं ऑलिव्ह पाणी जास्त अडवत नाही, कंबर मात्र खोल करत जातं. त्याची किंमत पुढच्या वेळी व्हॉल्व्ह बदलणाऱ्याला मोजावी लागते.

रेडिएटरचे व्हॉल्व्ह पुढच्या आठवड्यात. तिथे १० मिलिमीटरचे ते मऊ पाइप असतात आणि त्यांच्यावरून ऑलिव्ह काढायची रीत वेगळी आहे. तोवर ज्यांनी पुलर घेतला असेल, त्यांनी तो पाइपच्या एखाद्या फालतू तुकड्यावर आधी चालवून पाहावा.