डिस्क जोडली, पण दिसेना

गोंदिया तालुक्यातल्या कामठ्यासारख्या गावात लग्नसराई उरकली की फोटो स्टुडिओवाल्याचा डेस्कटॉप तुडुंब भरलेला असतो. त्यासाठी नवा संगणक घ्यायची गरज नसते, कॅबिनेटमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा असते. समजा, त्याने ४ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क आणली, बसवली आणि संगणक सुरू केला. This PC उघडलं, तर तिथे जुने C आणि D तेवढेच. ‘डिस्क खराब निघाली’ म्हणून दुकानदाराला फोन जातो तो इथेच. डिस्क बहुधा चांगलीच असते. तिला आधी वीज मिळावी लागते, मग मदरबोर्डने ओळखावं लागतं आणि शेवटी विंडोजने. अडलं कुठे, एवढंच शोधायचं असतं.

सुरुवात बसवण्यापासून. संगणक बंद करून प्लग काढायचा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवायचा. साडेतीन इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, अडीच इंची एसएसडीला बारीक आट्यांचे. एकाचा स्क्रू दुसऱ्यात जबरदस्तीने पिळला तर आटे कायमचे जातात. हार्ड डिस्क दोन्ही बाजूंनी पक्की कसा. आत तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्यामुळे सैल डिस्कची थरथर तिला सोसत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे इतकी काळजी नको.

डिस्कला दोन केबल लागतात. अरुंद, सात टोकांची डेटा केबल मदरबोर्डच्या साटा पोर्टला जाते. रुंद, पंधरा टोकांची वीज केबल एसएमपीएसमधून येते. दोन्हींच्या तोंडाला इंग्रजी एलसारखी खाच असते, म्हणून त्या उलट्या बसत नाहीत. बसत नसेल तर जोर लावू नका, केबल फिरवून पाहा. ज्या एसएमपीएसच्या केबल सुट्या निघतात, तिथे दुसऱ्या एसएमपीएसची केबल कधीही लावायची नाही. टोक तंतोतंत बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. मग ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि डिस्क जळते.

आता संगणक सुरू करून डिस्कच्या कडेला बोट टेकवा. बारीक थरथर जाणवली नाही, तर घोटाळा बहुधा विजेच्या केबलमध्ये आहे. थरथर आहे, तर बायोसमध्ये जाऊन साटाची यादी पाहा. तिथे नाव नसेल तर डेटा केबल बदला, नाहीतर दुसरा पोर्ट घ्या. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की एखाद-दुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. कोणता, ते बोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ही गोष्ट ठाऊक नसल्याने चांगल्या केबल फेकल्या जातात.

नव्या डिस्कचं नाव बायोसमध्ये आहे आणि This PC मध्ये नाही, म्हणजे बहुधा ती कोरी आहे. तिच्यावर विभागांचा तक्ता नाही आणि फाइल सिस्टिमही नाही, मग विंडोज तिला अक्षर कशाच्या आधारावर देणार? विंडोज आणि आर एकत्र दाबून हे लिहा:

```
diskmgmt.msc
```

खाली Disk 1 समोर Not Initialized असं दिसेल. त्यावर उजवी क्लिक करून Initialize Disk निवडलं की MBR की GPT असा प्रश्न येतो. ४ टीबीला GPT च हवं. MBR तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत मावतो, म्हणजे सुमारे ४२९ कोटी सेक्टर. ५१२ बाइटच्या हिशेबाने ते २.२ लाख कोटी बाइट होतात. पुढची जवळजवळ अर्धी डिस्क वापरताच येत नाही. MBR चुकून निवडलं गेलं असेल आणि डिस्क अजून रिकामीच असेल, तर उजव्या क्लिकमध्ये Convert to GPT Disk मिळतं. मग मोकळ्या पट्ट्यावर New Simple Volume, NTFS आणि एक अक्षर. आता This PC मध्ये ३.६३ टीबीची डिस्क दिसेल. उरलेली जागा चोरीला गेलेली नाही. कंपनी टीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

हे सगळं कोऱ्या डिस्कपुरतं. बंद पडलेल्या संगणकातली, जुन्या लग्नांचे फोटो असलेली डिस्क जोडली आणि ती दिसली नाही, तर पायऱ्या त्याच, पण Initialize ला हात लावायचा नाही आणि ‘फॉरमॅट करू का’ या प्रश्नाला होकार द्यायचा नाही. विभाग धडधाकट दिसत असेल आणि फक्त अक्षर नसेल, तर Change Drive Letter and Paths मधून अक्षर देऊन काम होतं. विभागापुढे RAW लिहिलेलं असेल, तर डिस्कवर काहीही न लिहिता ती काढून ठेवायची आणि डेटा परत मिळवणाऱ्याकडे न्यायची.